अबोला आणि उसंत

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या प्रयोगशाळेत नवरा-बायकोंना चक्क भांडायला बोलावले जाई. विषय त्यांच्याच घरातला असे. कधी पैसा, कधी सासू-सासरे, कधी मुलांचा अभ्यास, तर कधी घरकामाची वाटणी. दोघे समोरासमोर खुर्च्यांवर बसत. कॅमेरे चेहऱ्यांवर रोखलेले असत, अंगाला हृदयाचे ठोके आणि घाम मोजणाऱ्या तारा लावलेल्या असत आणि कोण किती चुळबुळ करतो याची नोंद खुद्द खुर्ची घेत असे. एका अभ्यासात संशोधकांनी पंधरा मिनिटांनी हे भांडण मध्येच तोडले. यंत्रे जरा नीट करून घ्यायची आहेत, तोवर या विषयावर बोलू नका, ही मासिके चाळत बसा, असे त्यांनी जोडप्यांना सांगितले.

अर्ध्या तासाने बोलणे पुन्हा सुरू झाले. विषय तोच होता आणि माणसेही तीच होती. मधल्या काळात कुणी समजूत काढली नव्हती की माफी मागितली नव्हती. तरीही दोघांच्या हृदयाचे ठोके बरेच खाली आलेले होते, आवाज उतरलेले होते आणि मघाशी जिथे गाडी अडली होती तिथून बोलणे पुढे सरकू लागले होते.

भांडणात गप्प होणाऱ्या माणसाविषयी समजून घ्यायचे, तर हा अर्धा तास फार उपयोगी पडतो. आपल्याकडे असा माणूस सहसा दोनच नावांनी ओळखला जातो. एक तर तो 'घुम्या' असतो, नाही तर 'आतल्या गाठीचा'. दोन्हींत गृहीत हेच, की आत काही चाललेले नाही किंवा जे चालले आहे ते मुद्दाम चालले आहे. प्रयोगशाळेतल्या तारांनी मात्र वेगळेच चित्र दाखवले.

गॉटमन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट लेव्हन्सन यांनी अनेक वर्षे जोडप्यांची भांडणे चित्रित केली. नाते पोखरणाऱ्या चार सवयी गॉटमन यांनी त्यांतून वेगळ्या काढल्या. माणसाच्या स्वभावावरच बोट ठेवणारी टीका, तुच्छता, प्रत्येक बोलण्यावर स्वतःचा बचाव, आणि चौथी सवय म्हणजे समोरच्यापुढे भिंत होऊन बसणे. तिला त्यांनी 'स्टोनवॉलिंग' म्हटले.

भिंत झालेला माणूस ओळखायचा कसा, हेही त्यांनी नेमके नोंदवले. एरवी कुणी बोलत असले की आपण नकळत हुंकार देत असतो. 'हं', 'बरं', 'मग?' असे काहीबाही तोंडून निघते, मान हलते, भुवया उंचावतात. भिंत झालेल्या माणसाचे हे सारे थांबते. तो हुंकार देत नाही, मान ताठ ठेवतो, चेहरा कोरा करतो आणि नजर जमिनीकडे किंवा मोबाइलकडे वळवतो. मध्येच एखादा चोरटा कटाक्ष टाकून समोरचे वादळ शमले का, एवढे पाहतो. मूग गिळून बसलेल्या अशा माणसाला पाहून कुणालाही वाटेल, याला काहीच पडलेले नाही.

पण त्याच वेळी त्याच्या हृदयाचे ठोके अनेकदा मिनिटाला शंभराच्या वर गेलेले असत. खुर्चीवर स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसासाठी हा आकडा मोठा आहे. शरीराने समोरच्या माणसाला संकट मानलेले असते. ॲड्रेनॅलिनसारखी रसायने रक्तात उतरलेली असतात, स्नायू आवळलेले असतात, रक्तदाब वाढलेला असतो. या अवस्थेसाठी गॉटमन यांनी जो इंग्रजी शब्द वापरला, त्याचा अर्थ पुराचे पाणी घरात शिरणे. अशा वेळी माणूस ऐकतो कमी आणि धोका जास्त हुंगतो. 'तू मला सांगितलं का नाहीस?' हा साधा प्रश्नही त्याला आरोप वाटतो. नवे काही सुचत नाही, विनोद सुचत नाही, समोरच्याचे कुठे बरोबर आहे हे दिसत नाही. उरतात फक्त लढणे, पळणे किंवा थिजणे. घरातून पळता येत नाही आणि लढलो तर प्रकरण चिघळेल अशी भीती असते, म्हणून तो थिजतो. त्याच्या दृष्टीने तो भांडण वाढू न देण्याची खबरदारी घेत असतो.

समोरच्याला मात्र याचा पत्ता नसतो. त्याला दिसते ती फक्त भिंत.

भिंतीच्या या बाजूला काय होते, याचा अभ्यास किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने केला. त्याची सुरुवात एका बागेत झाली. ते कुत्र्याला घेऊन बसले असताना जवळ खेळणाऱ्या दोन अनोळखी माणसांची चकती त्यांच्याकडे आली. त्यांनी ती परत फेकली आणि त्या दोघांनी त्यांनाही खेळात घेतले. थोड्या वेळाने काहीही न सांगता त्यांनी यांच्याकडे चकती टाकणे बंद केले. एवढ्याशा गोष्टीने आपल्याला इतके का लागावे, या प्रश्नातून पुढे संगणकावरचा एक साधा चेंडूफेकीचा खेळ तयार झाला. खेळणाऱ्याकडे सुरुवातीला चेंडू येतो आणि मग येईनासा होतो. काही मिनिटांच्या या दुर्लक्षानेही लोकांना आपण कुणाचे नाही, आपल्या हातात काही नाही, असे वाटू लागते. समोर माणसे नसून संगणकच खेळतो आहे हे आधी सांगितले, तरीही वाईट वाटतेच. अनोळखी खेळाडूंच्या दुर्लक्षाने ही गत होत असेल, तर एकाच ताटलीतून भजी खाणाऱ्या माणसाने चार दिवस हूं की चूं न केल्यावर काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच बोलणारा आवाज चढवतो. आवाज चढला की गप्प बसणाऱ्याचे ठोके आणखी वाढतात आणि तो आणखी मिटतो. एकाने मागणे लावून धरायचे आणि दुसऱ्याने मागे सरायचे, या चक्राचा माग अँड्र्यू ख्रिस्टन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी घेतला. गॉटमन यांच्या प्रयोगशाळेत भिंत होणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के पुरुष होते. त्यावरून पुरुषांचे शरीरच तसे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. ख्रिस्टन्सन आणि हेवी यांनी १९९० साली वेगळा मुद्दा मांडला. त्यांनी प्रत्येक जोडप्याला दोन विषयांवर बोलायला लावले. एका विषयात बदल बायकोला हवा होता, दुसऱ्यात नवऱ्याला. बायकोला बदल हवा असताना बायको मागणारी आणि नवरा मागे सरणारा, हे ठरलेले चित्र दिसले. नवऱ्याला बदल हवा असताना मात्र दोघांतला तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे गप्प कोण बसतो, हे काही अंशी यावरून ठरते की आहे ते तसेच चालू राहण्यात सोय कुणाची आहे. ज्याची सोय आहे, त्याला बोलायची घाई नसते.

आपल्या घरांत या चित्राला आणखी एक पदर असतो. ज्या बाईच्या हातात पैसा नाही आणि जिच्या शब्दाला घरात वजन नाही, तिच्याकडे अबोला हे एकच हत्यार उरते. तिचे गप्प बसणे आणि घरातल्या कर्त्याचे गप्प बसणे वरून सारखेच दिसले, तरी एका तराजूत तोलता येत नाही.

आता एक प्रसंग कल्पून पाहू. ठाण्यातले दोन खोल्यांचे घर. रात्रीचे साडेनऊ वाजलेत, मुलगी आत अभ्यास करते आहे. बायकोला बँकेच्या खात्यात दीड लाखाची वजावट दिसते. नवऱ्याने धाकट्या भावाला दुकानासाठी पैसे दिलेत आणि घरात सांगितलेले नाही.

"हे दीड लाख कुठे गेले?"

"दादूला दिले. अडचण होती त्याची."

"आणि मला सांगायचं कधी? मुलीच्या ॲडमिशनचे होते ना ते?"

इथून पुढे नवऱ्याच्या तोंडाला कुलूप. तो मोबाइल उघडतो. ती म्हणते, "मी भिंतीशी बोलतेय का?" तो टीव्ही लावतो. तिला तीन वर्षांपूर्वीचे सोने गहाण टाकल्याचे आठवते, मग नणंदेच्या लग्नातले काहीतरी. तो उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी घरातली पोस्टमन होते. "बाबांना सांग, डबा भरून ठेवलाय." बाबा दोन हातांवर उभे असतात. हा प्रकार चार दिवस चालतो. पाचव्या दिवशी गॅस संपतो, सिलिंडर लावायला माणूस लागतो आणि त्या निमित्ताने बोलणे सुरू होते. दोघांनाही हायसे वाटते. दीड लाखांचा विषय मात्र कुणी काढत नाही. पुढच्या भांडणात तो व्याजासकट निघणार असतो.

हेच भांडण दुसऱ्या तऱ्हेने होऊ शकते. नवऱ्याचा जबडा आवळला आहे, कान तापले आहेत, छातीत धडधडते आहे. तो म्हणतो, "हे बघ, तुला न सांगता दिले, तुझा राग बरोबर आहे. पण आत्ता माझं डोकं चालत नाहीये, बोललो तर वेडंवाकडं बोलेन. मी खाली चक्कर मारून येतो. साडेदहाला बसू."

"साडेदहा म्हणजे साडेदहा. नंतर झोप आली म्हणशील."

"नाही म्हणणार."

तो सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारतो. ती ओटा आवरते, मुलीचे दप्तर भरते. साडेदहाला तो वर येतो आणि तिने पुन्हा विचारायची वाट न पाहता स्वतः विषय काढतो. पैसे काही लगेच परत येत नाहीत आणि तिचा रागही पुरता गेलेला नाही. पण भाऊ कधी, किती परत करणार हे उद्या विचारायचे, आणि यापुढे दहा हजारांच्या वरची रक्कम एकमेकांना विचारल्याशिवाय कुणाला द्यायची नाही, एवढे दोघे ठरवतात.

गप्प तो दोन्ही वेळा झाला. पहिल्या वेळी बायकोला ठाऊकच नव्हते की ही शांतता कशाची आहे आणि किती दिवसांची आहे. दुसऱ्या वेळी तिला कारण कळले, वेळ कळली आणि सांगितलेल्या वेळेला माणूस परत आला. खरी उसंत ओळखायची ती या तीन गोष्टींवरून. त्यांतही तिसरी सर्वांत महत्त्वाची. 'मला थोडा वेळ दे' म्हणून गेलेला माणूस दर वेळी विषय न काढताच परतत असेल, तर त्याने भिंतीला फक्त सभ्य रंग दिला आहे.

ही उसंत किती वेळाची असावी? गॉटमन किमान वीस मिनिटे सांगतात. राग मनातून ओसरला असे वाटले, तरी रक्तात उतरलेली रसायने ओसरायला वेळ लागतो. पाच मिनिटांत परत येऊन बसलेल्या माणसाला आपण शांत झालो असे वाटत असते, पण ठिणगी पडायचा अवकाश, त्याचे ठोके पुन्हा शंभरावर जातात. दुसऱ्या टोकाला, एक दिवसापलीकडे विषय लांबवू नये. तेवढ्या काळात परत न येणे समोरच्याला शिक्षेसारखेच वाटू लागते.

त्या वीस मिनिटांत माणूस काय करतो, यावर बरेच अवलंबून असते, आणि चूक होते ती नेमकी इथेच. बाहेर पडलेला नवरा फेऱ्या मारताना मनात संवाद रचत असेल, 'ती असं म्हणाली की मी तसं सुनावतो', 'माझ्या भावासाठी मी एवढंही करायचं नाही?' असे घोळवत असेल, तर शरीराला विसावा मिळतच नाही. राग उगाळला की तो वाढतो, हे प्रयोगांतून वारंवार दिसले आहे. बहिणीला फोन लावून सारी कहाणी पहिल्यापासून सांगणे हाही उगाळण्याचाच प्रकार. गॉटमन यांनी जोडप्यांच्या हातात मासिके दिली होती, ती याचसाठी उपयोगी ठरली. विषयाशी संबंध नसलेले, डोक्याला थोडे गुंतवणारे, पण भडकवणारे नाही असे काहीतरी हवे. संथ चालणे, भाजी निवडणे, गाणी ऐकणे, कपड्यांच्या घड्या घालणे, हे सारे चालते. ठोके मोजायचे असतील तर मनगटावरच्या घड्याळाची मदत होते. शंभराचा आकडा हा मात्र ढोबळ इशारा आहे. नियमित व्यायाम करणाऱ्याचे हृदय मुळात संथ चालते, आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनीही ठोके कमी राहतात. अशा माणसाने आकड्यापेक्षा आवळलेला जबडा, तापलेले कान आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलणे या खुणांवर भरवसा ठेवावा.

जागेची अडचणही खरी आहे. सासू-सासरे, मुले आणि दोन खोल्या असलेल्या घरात एकटे बसायला कोपरा कुठून आणायचा? म्हणून जागा भांडण नसताना ठरवून ठेवावी लागते. गॅलरी, गच्ची, खालचा कट्टा किंवा दूध आणायचे निमित्त, काहीही चालेल. एखादा ठरलेला शब्द किंवा हाताची खूणही पुरते. अट एकच, खूण कुणीही केली तरी दुसऱ्याने मागे जायचे नाही. दारापर्यंत जाऊन 'आधी याचं उत्तर दे' म्हणणाऱ्यालाही ही उसंत शिकावी लागते, कारण थांबणे त्याच्यासाठी सर्वांत अवघड असते. वेळ नक्की कळलेली असेल तर त्याला ते थोडे सोपे जाते.

सतत भिंत होऊन राहण्याची किंमत गप्प बसणारा स्वतःही मोजतो. लेव्हन्सन यांनी १९८९ पासून वीस वर्षे मागोवा घेतलेल्या १५६ जोडप्यांच्या नोंदी क्लॉडिया हासे आणि सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. भांडणात भडकणाऱ्यांना पुढे हृदयाच्या तक्रारींचा, तर भिंत होणाऱ्यांना पाठदुखी आणि मान आखडण्यासारख्या तक्रारींचा त्रास अधिक दिसला. हा संबंध नवऱ्यांमध्ये सर्वांत ठळक होता.

या संशोधनाच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. ही बहुतांश जोडपी अमेरिकन होती. आमच्या नोंदींवरून कोण घटस्फोट घेईल हे सांगता येते, या गॉटमन यांच्या दाव्यावर इतर संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत, कारण ती सूत्रे ज्या जोडप्यांवरून बसवली त्यांच्यावरच बहुधा पडताळली गेली होती. तेव्हा नवरा चार वेळा गप्प बसला म्हणजे संसार मोडणार, असा अर्थ काढू नये. वीस मिनिटांच्या उसंतीला त्या भाकिताचा आधार लागतही नाही.

राहता राहिला तिसरा प्रकार, आणि तो वरच्या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. काही माणसे घाबरून किंवा गांगरून गप्प होत नाहीत. ती शांतपणे, ठरवून बोलणे तोडतात. बाहेरच्यांशी हसून बोलतात, फोनवर गप्पा मारतात आणि घरातल्या एकाच माणसासाठी मिठाची गुळणी धरतात. तिने माफी मागितली, हट्ट सोडला, माहेरी जायचे रद्द केले की बोलणे आपोआप सुरू होते. यातून समोरचा माणूस हळूहळू एकच धडा शिकतो, तोंड उघडायचेच नाही. इथे शरीराच्या पुराचा प्रश्न नसून सत्तेचा आहे, आणि गच्चीवर वीस मिनिटे फेऱ्या मारून तो सुटणार नाही. अबोल्याबरोबर पैसे अडवणे, फोन तपासणे, नातेवाइकांशी संबंध तोडायला लावणे किंवा धमक्या सुरू असतील, तर तो छळ आहे. भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मारहाणीबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाचाही समावेश आहे. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी उपलब्ध आहे.

बाकी घरांत सुरुवात साध्या गोष्टीने करता येईल. येत्या रविवारी, भांडण नसताना, दोघांनी एकमेकांना एवढेच विचारावे, 'मी गप्प बसतो तेव्हा तुला काय वाटतं?' आणि 'तू मागे लागतेस तेव्हा मला काय होतं, सांगू?' त्याच बैठकीत खूण, जागा आणि परत यायची वेळ ठरवून टाकावी. दोन-तीन महिने प्रामाणिकपणे करूनही भिंत हलत नसेल, तर विवाह समुपदेशकाकडे जावे आणि शक्यतो दोघांनी मिळून जावे. दुसरा यायला तयार नसेल, तर एकट्याने गेले तरी चालते.